गाडी परत द्यायचीय, पण फाटक कुठे आहे?

रत्नागिरी, रायगडच्या कितीतरी मुस्लिम घरांतली माणसं आज ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत. कुणाची नणंद बर्मिंगहॅमला, कुणाचे चुलत भाऊ लंडनच्या पूर्वेला. आमची नणंदही बर्मिंगहॅमलाच. तिच्या मुलाच्या लग्नाला आम्ही पाच जण गेलो होतो: सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी, मी, मुलांचे अब्बा आणि दोन मुलं. लग्नाच्या घरात कुणाच्या गाडीवर अवलंबून राहायला नको, म्हणून लंडनच्या हीथ्रो विमानतळावरूनच दहा दिवसांसाठी गाडी भाड्याने घेतली. तिकडे आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात. आपला भारतीय परवाना तिथे गेल्यापासून बारा महिने चालतो. त्यामुळे गाडी चालवण्याची भीती नव्हती, आणि दहा दिवस खरोखरच काही अडलं नाही.

अडलं ते शेवटच्या तासाला, गाडी परत देताना.

विमान रात्री आठ चाळीसचं. गाडी पाच वाजता परत द्यायची होती. निघताना अब्बांनी फोनच्या नकाशात "हीथ्रो एअरपोर्ट" एवढंच टाकलं आणि आम्ही निश्चिंत झालो. नकाशाने एम-४० महामार्गावरून एम-२५ वर आणलं, तिथून एम-४ वर, आणि तिथून विमानतळाकडे जाणाऱ्या छोट्या फाट्यावर. चार पंचविसाला आम्ही एका बोगद्यात शिरलो. बोगदा संपला तेव्हा समोर टर्मिनल दोन आणि तीनच्या इमारती उभ्या होत्या, चारही बाजूंनी टॅक्सी, बस आणि बॅगा ओढणारी माणसं. भाड्याच्या गाड्यांचा डेपो कुठेच दिसेना.

हीथ्रोची रचना माहीत नसलेल्या माणसाला इथेच फसायला होतं. टर्मिनल दोन आणि तीन विमानतळाच्या मधोमध, दोन धावपट्ट्यांच्या बेचक्यात आहेत. उत्तरेकडून तिथे जायचं तर धावपट्टीखालच्या बोगद्यातूनच जावं लागतं. टर्मिनल पाच पश्चिमेच्या टोकाला आहे आणि टर्मिनल चार दक्षिणेला, सगळ्यांपासून तुटलेलं. गाड्या भाड्याने देणाऱ्या बऱ्याच मोठ्या कंपन्यांचे डेपो मात्र यांपैकी कुठल्याच टर्मिनलच्या दारात नाहीत. ते कुंपणालगतच्या नॉर्दर्न पेरिमीटर रोडवर किंवा त्याच्या आसपास आहेत. हा रस्ता उत्तरेची धावपट्टी आणि हॉटेलांनी भरलेला ए-४, म्हणजे बाथ रोड, यांच्या मधून जातो. थोडक्यात, डेपो बोगद्याच्या अलीकडे राहिला आणि आम्ही बोगद्याच्या पलीकडे पोहोचलो. शिवाय काही लहान कंपन्यांची जागा विमानतळापासून आणखी दूर, शेजारच्या वस्तीत असते. कागदावर "हीथ्रो" छापलेलं असतं, म्हणून माणूस विमानतळच गाठतो.

तिथे गोंधळून आम्ही दुसरी चूक केली. कुणाला तरी विचारावं म्हणून अब्बांनी गाडी टर्मिनल तीनच्या दारापुढच्या पट्ट्यात घातली. प्रवाशांना सोडण्याची ती जागा. मिनिटभर थांबलो, एका कर्मचाऱ्याने "बोगद्यातून बाहेर जा आणि ए-४ धरा" असं हाताने दाखवलं, आणि आम्ही निघालो. ना फाटक, ना तिकीट, ना पैसे मागणारा माणूस. त्या मिनिटाची किंमत आम्हाला दोन महिन्यांनी कळली. ते पुढे सांगते.

बोगद्यातून बाहेर पडताना ए-४ ची मार्गिका वेगळी होते, आणि तो निर्णय काही सेकंदांत घ्यावा लागतो. आम्ही सरळ राहिलो आणि पुन्हा महामार्गाच्या फाट्यावर वाहत गेलो. तिथे मागे वळता येत नाही. एम-४ च्या चार नंबरच्या जंक्शनपर्यंत जाऊन, तिथल्या गोल चौकाला वळसा घालून परत यावं लागलं. मागे अम्मी तस्बीह फिरवत गप्प बसल्या होत्या. मुलगा म्हणाला, "अब्बा, ते विमान आपण तीनदा पाहिलं."

शेवटी पाच वीसला डेपोच्या फाटकातून आत शिरलो. बऱ्याच कंपन्या ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासाच्या आसपास सवलत देतात, त्यानंतर पुढचा अख्खा दिवस लावतात. आमच्या करारात तशी सवलत होती म्हणून वाचलो. पेट्रोल मात्र भरायचं राहिलं होतं. टाकी भरून घ्यायची आणि भरून द्यायची असा करार असेल, तर जेवढं कमी तेवढं कंपनी आपल्या दराने लावते आणि वर भरण्याचं शुल्क घेते. आम्ही ते मुकाट्याने भरलं.

खरं तर हा सगळा फेरा दहा दिवस आधीच टळला असता. गाडी घ्यायला आम्ही याच डेपोत आलो होतो. पण रात्रभराचा प्रवास, मुलं पेंगलेली, आणि कंपनीच्या बसने आम्हाला टर्मिनलवरून उचलून थेट आवारात आणून सोडलेलं. खिडकीबाहेर कुणी पाहिलंच नाही. आता मी घरच्या प्रत्येकाला सांगते: गाडीची चावी हातात आली की लगेच निघू नका. डेपोत उभं राहून फोनच्या नकाशात ती जागा जतन करा. मग तिथल्याच माणसाला विचारा की परत आणलेली गाडी कुठल्या फाटकातून आत घ्यायची, कारण बाहेर पडण्याचं फाटक आणि परतीचं फाटक पुष्कळ ठिकाणी वेगळं असतं, कधीकधी रस्त्याच्या निराळ्या बाजूला. परतीच्या फाटकाचा बाहेरून एक फोटो काढून ठेवा. ज्या रस्त्यावर सारख्याच रंगीत पाट्यांचे तीन-चार डेपो एकापुढे एक आहेत, तिथे हा फोटो फार कामाला येतो.

ते राहून गेलं असेल तर कराराच्या कागदावर डेपोचा पूर्ण पत्ता असतो. ब्रिटनमध्ये नकाशाला पोस्टकोड दिला की तो बहुतेक दारापर्यंत नेतो. हीथ्रो विमानतळाचे पोस्टकोड TW6 ने सुरू होतात, पण नुसतं तेवढं टाकून भागत नाही, पुढचे तीन अंक-अक्षरंही हवीत. आणि विमानतळासारख्या जागी एकच पोस्टकोड मोठ्या आवाराला दिलेला असू शकतो. म्हणून आदल्या रात्री नकाशा मोठा करून शेवटचा एक मैल डोळ्यांखालून घालावा: कुठल्या चौकातून वळायचं, डेपो डाव्या हाताला येतो की उजव्या. "कार रेंटल रिटर्न्स" अशा पाट्या रस्त्यावर असतात, पण त्या दिसायला लागतात तोवर आपण योग्य रस्त्यावर असावं लागतं.

पुन्हा त्या संध्याकाळकडे येते. गाडी ताब्यात घेणाऱ्या मुलाने हातातल्या यंत्रावर मैल आणि पेट्रोल टिपलं, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "कुठलं टर्मिनल?" घाईत मी म्हणाले, "तीन." येताना तीनला उतरलो होतो ना! त्याने समोरच्या बसकडे बोट दाखवलं. डेपोच्या बस सगळ्या टर्मिनलना एकाच फेरीत जातातच असं नाही. मधल्या दोन-तीनसाठी एक, चार किंवा पाचसाठी दुसरी, अशीही सोय असते, आणि चढताना चालकाला विचारणं आपलं काम. पंधरा मिनिटं वाट पाहून बस सुटली, पुन्हा त्याच बोगद्यातून गेली, आणि सहा दहाला आम्ही टर्मिनल तीनला उतरलो. आत फलकावर आमचं विमानच नाही. तिकिटावर स्पष्ट छापलं होतं: टर्मिनल चार. येताना वेगळ्या कंपनीचं विमान होतं, जाताना वेगळ्या.

अम्मींसाठी चाकांची खुर्ची सांगून ठेवली होती, ती टर्मिनल चारवर. त्यांचे गुडघे दुखरे, आणि इथे लिफ्टने खाली जाऊन लांबलचक भुयारी वाटेने रेल्वे स्थानक गाठायचं. दोन आणि तीन ही टर्मिनल एकमेकांना चालण्याच्या अंतरावर आहेत, पण चार किंवा पाचला जायला गाडी लागते. विमानतळाच्या आतल्या आत एलिझाबेथ लाइनच्या रेल्वेने एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जायला भाडं पडत नाही, हे तिथल्या एका सफाई करणाऱ्या बाईंनी सांगितलं. चारला जाणारी गाडी आणि पाचला जाणारी गाडी वेगळी असते, ती पाहून चढावं लागतं. मी एका हाताने अम्मींना धरलं होतं, दुसऱ्या हाताने बॅग. सहा पंचावन्नला टर्मिनल चारवर पोहोचलो. बॅगा घेण्याचं काउंटर विमानाच्या तासभर आधी, सात चाळीसला बंद होणार होतं. विमान मिळालं. पण अम्मींचा चेहरा आठवला की आजही मला स्वतःचाच राग येतो. एवढी वाट त्यांना चालायलाच नको होती.

आता त्या एका मिनिटाबद्दल. नोव्हेंबर २०२१ पासून हीथ्रोच्या प्रत्येक टर्मिनलच्या दारापुढे प्रवासी सोडायला येणाऱ्या गाड्यांना शुल्क आहे. सुरुवातीला ते ५ पौंड होतं, २०२५ मध्ये ६ पौंड झालं. नंतर बदललं असेल म्हणून जाण्याआधी विमानतळाच्या संकेतस्थळावर बघून घ्यावं. ते घ्यायला तिथे कुणी माणूस उभा नसतो. कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत आपण स्वतःहून संकेतस्थळावर किंवा फोनवर पैसे भरायचे असतात. न भरल्यास ८० पौंडांचा दंड, १४ दिवसांत भरला तर निम्मा. गाडी भाड्याची असेल तर नोटीस आधी मालकाकडे, म्हणजे भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे जाते. कंपनी आपलं नाव-पत्ता कळवते, आणि त्या कागदोपत्री कामाचं वेगळं शुल्क आपल्या कार्डावरून कापते. करारात तसं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. घरी येऊन दोन महिने झाल्यावर आधी कार्डावरची ती कपात दिसली, मग दंडाची नोटीस आली. आपण कुणाला सोडलं की नाही, हे कॅमेरा बघत नाही. त्या पट्ट्यात गाडी आली, एवढं त्याला पुरतं.

पुढच्या वर्षी नणंदेच्या मुलीचं लग्न निघालं. पुन्हा तेच विमान, रात्री आठ चाळीसचं, टर्मिनल चार. या वेळी आम्ही आदल्या रात्री जेवण झाल्यावर कागद घेऊन बसलो आणि हिशेब उलट्या बाजूने मांडला. काउंटर सात चाळीसला बंद होणार, तर सहाच्या आत सगळे टर्मिनलमध्ये हवेत. डेपोच्या बसची वाट पंधरा-वीस मिनिटं आणि प्रवास अर्धा तास धरला, तर गाडी पाच सव्वापाचला सोपवून झालेली हवी. बर्मिंगहॅम ते हीथ्रो साधारण ११० मैल, रस्ता मोकळा असेल तर दोन तास. पण एम-२५ संध्याकाळच्या सुमारास क्वचितच मोकळा असतो, आणि वरच्या पाट्यांवर ताशी ६०, ५०, ४० मैल अशी बदलती वेगमर्यादा लावलेली असते. कॅमेरे तिथेही आहेत. म्हणून निघायची वेळ ठरली सव्वा एक.

दुसरा निर्णय अम्मींसाठी होता. सगळ्यांना डेपोत नेऊन, सामानासकट बसमध्ये चढवून पुन्हा उतरवायचं, की आधी टर्मिनलवर सोडायचं? अब्बा म्हणाले, "सहा पौंड जाऊ देत, अम्मींची तकलीफ वाचेल." बरोबर एकच तरुण माणूस असेल तर मी थेट डेपोतच जा म्हणेन. पण वडीलधारी किंवा लहान मुलं आणि पाच-सहा बॅगा असतील, तर ते शुल्क मला स्वस्त वाटतं. अट एकच, ते त्याच रात्री भरायचं.

एम-४० वर बीकन्सफील्ड नावाचा थांबा आहे, विमानतळाच्या आधी साधारण पंधरा मैलांवर. तिथे सगळे हातपाय मोकळे करून आले आणि टाकी भरली. महामार्गावरच्या पंपांचा दर गावातल्यापेक्षा चढा असतो हे खरं, पण विमानतळाजवळ अनोळखी रस्त्यावर पंप शोधण्यापेक्षा हे बरं. एवढ्या अंतरात काटा "भरलेली" वरून सहसा हलत नाही. तिकडे पेट्रोल आपलं आपण भरायचं, मग आत जाऊन पंपाचा नंबर सांगून पैसे द्यायचे. पेट्रोलची नळी सहसा हिरवी असते आणि डिझेलची काळी, तरी झाकणाच्या आत काय लिहिलंय ते वाचूनच नळी उचलावी. पावती ठेवली. डेपोत कुणी विचारलं तर हाताशी असावी.

या खेपेला एम-२५ वर आम्ही एम-४ च्या जंक्शनला, म्हणजे पंधरा नंबरला वळलो नाही. एक जंक्शन पुढे, चौदा नंबरला बाहेर पडलो. टर्मिनल चार आणि पाचसाठी तीच वाट आहे. दोन आणि तीनसाठी पंधरा. पाटीवर ते लिहिलेलं असतं, मागच्या वर्षीही असणारच, आम्हीच फोनच्या भरवशावर ती वाचली नव्हती. चार वीसला टर्मिनल चारच्या दारात गाडी लागली. अम्मी, मी, मुलं आणि सगळ्या बॅगा उतरलो. खुर्ची घेऊन येणारा माणूस पाच मिनिटांत आला.

उतरण्याआधी मी गाडी रिकामी झाली की नाही ते पाहिलं. दारांचे कप्पे, सीटखालची जागा, समोरचा खण. मुलाचा एक बूट आणि अम्मींचा चष्मा निघाला! डेपोत गाडी सोपवल्यावर ती काही मिनिटांत धुवायला जाते, आणि मग वस्तू परत मिळवणं विमान गाठायच्या घाईत कठीण असतं. अब्बांनी गाडीच्या पडद्यावरून आपला फोन काढून टाकला. त्यात आमचे फोन नंबर आणि नणंदेच्या घराचा पत्ता साठलेला होता.

मग ते एकटे निघाले, पाठीवर एक लहान पिशवी, त्यात पासपोर्ट आणि कराराचा कागद. टर्मिनल चार दक्षिणेला आणि डेपो उत्तरेला, त्यामुळे विमानतळाला पश्चिमेकडून अर्धा वळसा घालून, टर्मिनल पाचच्या बाजूने जावं लागलं. वाट पंचवीस मिनिटांची झाली. फोनमध्ये मागच्या वर्षी जतन केलेली जागा होती, कारण त्या संध्याकाळी बसमध्ये बसल्या बसल्या त्यांनी ती रागाने का होईना टिपून ठेवली होती. कंपनीही तीच घेतली होती.

परतीच्या मार्गिकेत गाडी उभी करून त्यांनी चावी देण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढले, चाकांच्या कडांचे काढले, आणि इंजिन सुरू ठेवून मैलांचा आकडा आणि पेट्रोलचा काटा एकाच फोटोत येईल असा एक. तिथल्या माणसाने फेरी मारली, मागच्या बंपरवरच्या ओरखड्यावर बोट ठेवलं. तो ओरखडा गाडी घेतानाच्या कागदावर नोंदलेला होता, तो दाखवला आणि विषय मिटला. "पावती ई-मेलने येईल," असं तो म्हणाला. अब्बा म्हणाले, "येईपर्यंत मी थांबतो." दोन मिनिटांत आली: परतीची वेळ १६.५८, टाकी भरलेली, नवं नुकसान नाही. डेपो बंद असताना चावी पेटीत टाकून जावं लागतं, तेव्हा तर हे फोटो एवढाच पुरावा उरतो. गाडी त्यानंतर सकाळपर्यंत तिथे उभी असते आणि तपासणी आपल्या मागे होते.

बसच्या थांब्यावर त्यांनी चालकाला विचारलं, "टर्मिनल चार?" त्याने मान हलवून पुढची बस दाखवली. पाच वीसला ती सुटली. मी आत अम्मींजवळ बसून फोनवर शुल्क भरत होते. गाडीचा नंबर कराराच्या फोटोवरून पाहून टाकला, कारण भाड्याच्या गाडीचा नंबर कुणाला पाठ असतो? एक अक्षर चुकलं तर पैसे दुसऱ्याच्या गाडीच्या नावावर जातात आणि आपला दंड तसाच राहतो. म्हणून मुलीला वाचायला सांगितलं आणि मी टाकलं.

सहाला दहा कमी असताना अब्बा आले. काउंटरवर आमच्या पुढे सहा-सात माणसं होती. अम्मींनी विचारलं, "गाडी दिलीस ना रे नीट?" त्यांनी फोनवरची पावती त्यांच्यापुढे धरली. अम्मींनी खणातून निघालेला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ती वरपासून खालपर्यंत वाचली, इंग्रजी येत नसताना.

गाडी घेताना कंपनीने कार्डावर अनामत रक्कम अडवून ठेवली होती. ती घरी आल्यावर आठवड्याभरात सुटली. त्यानंतर तीन महिने मी दर महिन्याचं कार्डाचं पत्रक तपासलं. ६ पौंडांशिवाय हीथ्रोचं काही आलं नाही.